सोसायटीचे मिनिट्स लिहिताना ‘बंद आहे’चं ‘बंद होता’ का करायचं नाही

सप्टेंबर जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एजीएमची धावपळ सुरू होते, कारण ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, आणि मग कमिटीत नुकत्याच आलेल्या कुणाच्या तरी हातात रजिस्टर टेकवलं जातं की तुझं मराठी बरं आहे ना, मग मिनिट्स तूच लिही. तो बिचारा लिहायला बसतो आणि अडकतो पहिल्याच वाक्याला. सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले होते, ‘पंप बंद आहे.’ आता हे कसं लिहायचं? शाळेत इंग्रजीच्या तासाला डायरेक्ट-इनडायरेक्ट घोकलेलं असतं, ‘इज’चं ‘वॉज’ करा, ‘विल’चं ‘वुड’ करा, तेच डोक्यात बसलेलं असतं, म्हणून हात आपोआप लिहितो: सचिवांनी सांगितले की पंप बंद होता.

इथेच घोळ होतो, कारण मराठीत याचा अर्थ वेगळा निघतो. ‘पंप बंद होता असे सांगितले’ हे कोणीही मराठी माणूस वाचेल तर त्याला वाटेल की पंप आधी कधीतरी बंद होता आणि सचिव सांगत होते तेव्हा बहुतेक चालू झालेला होता. इंग्रजीत ‘वॉज’मध्ये दोन्ही अर्थ मावतात, कारण तिथे मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतल्यालाही मागे ओढायची पद्धत आहे. मराठीत तशी ओढाओढ नाही. आपल्याकडे आतल्या वाक्याचा काळ बोलणारा ज्या क्षणी बोलला तिथून मोजतात, तुम्ही रजिस्टरमध्ये कधी लिहिताय तिथून नाही. तो बोलला तेव्हा पंप बंद असेल तर ‘आहे’ किंवा ‘असल्याचे’, त्याच्याही आधी बंद असून मग चालू झाला असेल तर ‘होता’. बाकी सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे ही नीट बसली की पुढचं सोपं जातं.

आधी ऐकताना काय लिहून घ्यायचं

मीटिंग चालू असताना पूर्ण वाक्यं लिहायच्या भानगडीत पडू नका, मुद्दा लिहा पण क्रियापद मात्र माणूस जसं बोलला तसंच उतरवा. ‘पंप - बंद आहे’, ‘पंप - बंद पडतो’, ‘पंप - बंद पडला होता’, ‘पंप - बंद पडलाय’. घरी जाऊन फक्त ‘पंप बंद’ एवढंच वाचलंत तर या चौघांतलं नेमकं कोणतं होतं ते तुम्हाला आठवणार नाही, आणि चारही वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पडतो’ म्हणजे सारखा सारखा पडतो, सवय आहे त्याची. ‘पडलाय’ म्हणजे पडला आणि अजून तसाच आहे. ‘पडला होता’ म्हणजे पडला होता, पण ते प्रकरण मागचं.

त्याच्या शेजारी, वहीच्या समासात, एक खूण करा. मी साधे शब्द वापरते: झालं, चालू, होणार, व्हावं, ठरलं. पाचच. बोलणाऱ्याच्या वाक्यातली गोष्ट यातल्या कोणत्या खान्यात जाते ते तिथल्या तिथे, माणूस समोर असताना ठरवायचं, कारण अडलं तर लगेच विचारता येतं. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर विचाराल तर तो काय बोललेला हे त्यालाही आठवत नाही, आणि आठवलं तरी मधल्या दोन दिवसांत परिस्थिती बदललेली असते म्हणून तो आत्ताचं सांगतो.

बोलण्यातला काळ आणि खरा काळ

ही खूण का लागते, तर आपण बोलताना काळाशी फार ढिलेपणाने वागतो. ‘मी उद्या कोटेशन आणतो’ यात ‘आणतो’ वर्तमानकाळ आहे दिसायला, पण गोष्ट उद्याची आहे आणि वर ते आश्वासन आहे. मिनिट्समध्ये हे ‘कोटेशन आणत असल्याचे सांगितले’ असं गेलं तर वाचणाऱ्याला वाटणार की माणूस आणायच्या कामाला लागलाय, प्रत्यक्षात त्याने अजून फोनसुद्धा उचललेला नसतो. बरोबर होईल ते ‘कोटेशन आणणार असल्याचे’ किंवा त्याहून चांगलं ‘आणण्याचे मान्य केले’.

सगळ्यात धोक्याचं वाक्य म्हणजे ‘झालंच समजा’. कंत्राटदार, मेकॅनिक, लिफ्टवाला, पेंटर, सगळे हेच बोलतात. रूप भूतकाळाचं, काम भविष्यातलं. ‘आलोच’ म्हणणारा माणूस ऐरोलीच्या सिग्नलला असतो हे आपल्याला माहीत असतं, पण तेच लेखी करताना हात घसरतो आणि ‘काम झाल्याचे सांगितले’ असं लिहिलं जातं. आता विचार करा, खजिनदार ते वाचून चेक काढणार. काम झाल्यावर पैसे द्यायचे असा करार असेल तर तुमच्या एका ‘झाल्याचे’मुळे पैसे आधी जातात आणि मग भांडायला हातात काही उरत नाही, कारण तुमच्याच रजिस्टरमध्ये लिहिलंय की काम झालं. म्हणून ‘झालंच समजा’, ‘होत आलंय’, ‘एवढ्यात होईल’ या तिन्हींना समासात ‘होणार’ अशीच खूण. ‘होत आलंय’साठी फार तर ‘काम अंतिम टप्प्यात असल्याचे’ लिहा, पण ‘झाल्याचे’ नाही.

आणि ‘बघतो’. हे आपलं खास. ‘बघतो’मध्ये ना काळ असतो ना वचन. कोणी ‘बघतो’ म्हणालं की तिथेच हळूच विचारायचं, ‘बघतो म्हणजे कधीपर्यंत लिहू?’ तारीख मिळाली तर ते आश्वासन झालं, नाही मिळाली तर सरळ लिहायचं की ‘याबाबत माहिती घेऊन कळवणार असल्याचे सांगितले’, त्यापलीकडे आपल्या मनाने काही भरायचं नाही.

मिनिट्समध्ये कोणती रूपं वापरायची

‘की’ लावून लिहिणं चुकीचं नाही. ‘सचिवांनी सांगितले की मुख्य पंप बंद आहे’ हे व्याकरणाने अगदी बरोबर आहे, काळही बरोबर आहे. पण रजिस्टर लोक महिन्या-दोन महिन्यांनी उघडतात, आणि तेव्हा ‘बंद आहे’ वाचून एखाद्याला क्षणभर वाटतंच की अजून बंद आहे का काय. म्हणून इतिवृत्तात ‘-ल्याचे’वाली रूपं चालतात, ती या शंकेतून सुटका करतात. पंप बंद असल्याचे सांगितले. मोटर जळल्याचे सांगितले. दुरुस्ती चालू असल्याचे सांगितले. सोमवारी बसवणार असल्याचे सांगितले. सगळ्यात शेवटचं ‘सांगितले’ भूतकाळात, आणि आतली गोष्ट त्या सांगण्याच्या वेळी झालेली होती, चालू होती की व्हायची होती ते ‘-ल्याचे’, ‘-त असल्याचे’ आणि ‘-णार असल्याचे’ यावरून कळतं. वापरायला लागलात की आपोआप बसतं.

पण याच्याही मर्यादा आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. पहिली, ‘पंप बंद होता’ (आता चालू आहे) हे वाक्य ‘असल्याचे’मध्ये मावत नाही. ‘पंप बंद असल्याचे सांगितले’ लिहिलंत तर सांगताना बंद होता असा अर्थ होतो, म्हणजे बरोब्बर उलटं. तिथे ‘-ल्याचे’चा हट्ट सोडायचा आणि ‘असे’ वापरायचं: ‘पंप दोन दिवस बंद होता, असे सचिवांनी सांगितले.’ तसंच ‘बंद पडला होता’चं. ‘बंद पडल्याचे’ लिहिलं की ‘होता’ गळून जातो आणि आत्ताच पडलाय असं वाटतं.

दुसरी मर्यादा सवयीच्या गोष्टींची. ‘पंप ट्रिप होतो’ याचं ‘ट्रिप होत असल्याचे’ केलं तर ते आत्ता या क्षणी चालू असलेलंही वाटू शकतं, म्हणून तिथे ‘वारंवार’ किंवा ‘रोज दुपारी’ असा एक शब्द घाला, जो बहुतेक वेळा बोलणारा माणूस बोललेलाच असतो आणि आपण गाळलेला असतो.

आणि जर-तर. समजा कोणी देखभालीच्या वार्षिक कराराबद्दल म्हणालं, ‘एएमसी वेळेवर रिन्यू केलं असतं तर हा खर्च आला नसता.’ याला हातच लावायचा नाही. ‘केले असते तर खर्च आला नसता, असे मत मांडले’, एवढंच, फक्त बोलीचं लेखी करायचं. याचं ‘रिन्यू न केल्यामुळे खर्च आल्याचे सांगितले’ करू नका, कारण तो माणूस तक्रार करत होता, पुरावा देत नव्हता, आणि तुम्ही त्याच्या मताची वस्तुस्थिती करून टाकता.

सूचनांचंही तसंच. ‘घेऊया ना नवीन पंप’ ही सूचना आहे, समासात ‘व्हावं’. ती ‘नवीन पंप घ्यावा असे सुचवले’ अशीच जायला हवी. ‘नवीन पंप घेणार असल्याचे’ लिहिलं की न झालेला निर्णय झाला. आणि ‘नवीन पंप घेण्यास सांगितले’ लिहिलं की तो हुकूम झाला, ज्या सभासदाने लाजत लाजत सुचवलं होतं ती दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तुम्हाला गाठून विचारणार की मी कधी हो असं सांगितलं!

‘मी’, ‘आपण’ आणि ‘परवा’

काळाबरोबर हे तीन शब्द हलतात, म्हणून इथेच सांगते. बोलताना आपण सर्रास म्हणतो, ‘ते म्हणाले मी आणतो’, आणि समोरच्याला कळतं. रजिस्टरमध्ये ‘मी’ राहिला तर तो मिनिट्स लिहिणाऱ्याचा होतो. ‘आपण’ तर त्याहून वाईट, कारण ‘आपण कोटेशन मागवू’ म्हणणाऱ्याच्या मनात कमिटी असते, सगळी सोसायटी असते, किंवा कधी कधी समोरचा एकटा माणूस असतो, आणि शिवाय लेखी मराठीत ‘सचिवांनी आपण येणार असल्याचे सांगितले’ म्हटलं की ‘आपण’ म्हणजे खुद्द सचिव. एवढे अर्थ असलेला शब्द ठेवायचाच कशाला, त्या जागी पद लिहा: समितीने, सचिवांनी, सभासदांनी.

तारखांसाठी नियम एकच, आज-उद्या-काल-परवा यातलं काहीच ठेवायचं नाही, कॅलेंडर समोर घेऊन तारीख टाकायची. ‘परवा’ तर पुढचाही असतो आणि मागचाही, कोणता ते क्रियापदावरून कळतं, आणि तुम्ही क्रियापद बदलून ‘परवा’ तसाच ठेवलात तर शेवटचा दुवाही तुटला. ‘मागच्या वर्षी’लाही हाच नियम, तिथे साल लिहा, आणि खर्चाची गोष्ट असेल तर आर्थिक वर्ष की कॅलेंडर वर्ष हे खजिनदारांना विचारून घ्या.

आता एक मीटिंग घेऊन बघू

समजा कोपरखैरणेतली एक सोसायटी, कमिटी मीटिंग रविवार १० ऑगस्ट २०२५ सकाळी, विषय क्रमांक ३ पाण्याचा पंप. बोलणं साधारण असं झालं.

सेक्रेटरी म्हणाले, ‘मेन पंप मंगळवारपासून बंद आहे. मोटर जळलीय, तुर्भ्याला रिवाइंडिंगला दिलीय. मेकॅनिक म्हणतो झालीच समजा, परवा बसवून देतो.’ खजिनदार म्हणाले, ‘मागच्या वर्षी पण हाच बंद पडला होता, साडेनऊ हजार गेले होते तेव्हा. आता अठरा सांगतोय. मी अजून एक रुपया दिलेला नाही, मोटर बसली की देतो.’ मग एक सदस्या म्हणाल्या, ‘अहो, स्टँडबाय पण रोज दुपारी ट्रिप होतो. आपण नवीनच घेऊया ना.’ दुसरे एक सदस्य कुरकुरले की एएमसी वेळेवर रिन्यू केलं असतं तर हा खर्च आलाच नसता. शेवटी चेअरमन म्हणाले, ‘तीन कोटेशन मागवू, सगळ्यांना चालेल ना? सेक्रेटरी, तुम्ही बघा.’ सगळे हो म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, ‘बघतो.’

इथे लिहिणाऱ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत आणि तेही मीटिंग उठायच्या आत. पहिला, मेकॅनिक ‘परवा’ कधी म्हणाला? हे बोलण्यातलं बोलणं आहे, सेक्रेटरी मेकॅनिकचे शब्द सांगतायत, म्हणून तो ‘परवा’ मेकॅनिकच्या दिवसापासून मोजायचा. तो शनिवारी फोनवर म्हणाला असेल तर सोमवार ११, आणि आज सकाळी म्हणाला असेल तर मंगळवार १२. समजा उत्तर आलं, काल फोनवर. म्हणजे सोमवार. दुसरा प्रश्न अर्थातच, बघतो म्हणजे कधीपर्यंत? समजा उत्तर आलं, ‘महिनाअखेरपर्यंत आणतो.’

मग रजिस्टरमध्ये हे असं उतरतं:

> विषय क्र. ३ : मुख्य पाण्याचा पंप
>
> मुख्य पंप मंगळवार, दि. ५ ऑगस्ट २०२५ पासून बंद असल्याचे, त्याची मोटर जळल्याचे व ती रिवाइंडिंगसाठी तुर्भे येथे दिली असल्याचे सचिवांनी सांगितले. मोटर सोमवार, दि. ११ ऑगस्ट रोजी बसवून देणार असल्याचे मेकॅनिकने दि. ९ ऑगस्ट रोजी फोनवर कळवल्याची माहिती त्यांनी दिली.
>
> हाच पंप २०२४ मध्येही बंद पडला होता व त्या वेळी दुरुस्तीस ९,५०० रुपये खर्च आला होता, असे खजिनदारांनी निदर्शनास आणले. या वेळी मेकॅनिक १८,००० रुपये सांगत असल्याचे, त्यास अद्याप कोणतीही रक्कम दिली नसल्याचे व मोटर बसवल्यानंतरच रक्कम देणार असल्याचे त्यांनी सांगितले.
>
> स्टँडबाय पंप रोज दुपारी ट्रिप होत असल्याचे एका सदस्यांनी सांगितले व नवीन पंप घ्यावा असे सुचवले. एएमसीचे वेळेवर नूतनीकरण केले असते तर हा खर्च आला नसता, असे मत एका सदस्यांनी मांडले.
>
> निर्णय : पंपासाठी तीन कोटेशन मागवण्याचे सर्वानुमते ठरले. सचिवांनी ती दि. ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत आणण्याचे मान्य केले.

बघा, ‘झालीच समजा’ कुठेच नाही, ते ‘बसवून देणार’मध्ये विरघळलं. मेकॅनिकचं वचन मेकॅनिकच्याच नावावर आहे, सेक्रेटरींच्या नाही, आणि त्याची तारीख आहे. म्हणजे ११ तारखेला मोटर आली नाही तर कोणाला फोन करायचा ते कळतं आणि सेक्रेटरींवर उगाच खापर फुटत नाही. २०२४ चं वाक्य मुद्दाम ‘पडला होता… असे’ ठेवलंय, ‘पडल्याचे’ केलं असतं तर दोन बिघाड एकमेकांत मिसळले असते. खजिनदारांच्या वाक्यात तीन काळ आहेत, सांगत असल्याचे, दिली नसल्याचे, देणार असल्याचे, आणि हे वाचूनच कोणालाही कळतं की १० तारखेला सोसायटीचे पैसे कुठे होते.

निर्णय वेगळा काढलाय तेही काळासाठीच. चर्चेतलं वाक्य कोणाच्या तरी तोंडचं असतं, म्हणून त्याला ‘सांगितले’, ‘मत मांडले’ असं शेपूट लागतं. निर्णय सभेचा असतो, त्याला ‘-ण्याचे ठरले’ पुरतं. निर्णयात ‘मागवणार असल्याचे ठरले’ असं काही दिसलं की समजा, चर्चा आणि निर्णय एकाच वाक्यात कोंबलेत, तिथे वाक्य तोडा. आणि सभेपुढे ठराव वाचून दाखवला असेल, ‘ही सभा असे ठरवते की…’ अशा पद्धतीचा, तर तो जसा वाचला तसाच उतरवायचा, वर्तमानकाळासकट. तिथे काळ बदलणं म्हणजे ठरावाचे शब्द बदलणं, आणि बँकेत सह्या बदलायला गेलात की ठरावाची प्रत शब्द न् शब्द वाचतात.

‘सांगितले’च्या जागी कोणता शब्द घालायचा यावर नवीन लोक फार वेळ घालवतात. रोज तेच तेच ‘सांगितले’ बरं दिसत नाही म्हणून मग ‘स्पष्ट केले’, ‘दावा केला’, ‘कबूल केले’ असं वैविध्य येतं. माझं मत विचाराल तर कंटाळवाणं चालेल. ‘दावा केला’ म्हटलं की तुम्ही त्याच्यावर शंका घेतलीत, ‘कबूल केले’ म्हटलं की त्याला दोषी ठरवलंत, ‘स्पष्ट केले’ म्हटलं की त्याचं खरं मानलंत. सांगितले, सुचवले, मत मांडले, मान्य केले एवढ्या चारांवर माझं बहुतेक रजिस्टर चालतं.

इंग्रजीत प्रत मागितली तर

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये सगळे मराठी वाचणारे नसतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी मिनिट्स इंग्रजीत किंवा दोन्हीत लागतात. तिथे मात्र शाळेतला तो नियम खरंच लागतो. ‘द सेक्रेटरी स्टेटेड दॅट द मेन पंप वॉज नॉट वर्किंग’, मोटर ‘हॅड बर्न्ट आउट’, मेकॅनिक ‘वुड फिट इट ऑन मंडे’. इज-वॉज, हॅज-हॅड, विल-वुड. ‘शुड’ आहे तिथेच राहतं, आणि एएमसीवालं जर-तरचं वाक्यही तसंच राहतं, ते आधीच जितकं मागे जायचं तितकं गेलेलं असतं.

दोन ठिकाणी जपा. एक, इंग्रजीतल्या ‘वॉज’ने ‘तेव्हा बंद होता’ आणि ‘त्याआधी बंद होता’ हे दोन्ही होतं, म्हणून आधीचं असेल तिथे ‘हॅड बीन’ आणि तारीख टाका, नाहीतर २०२४ आणि २०२५ पुन्हा मिसळतील. दोन, आश्वासनाला ‘वुड ब्रिंग’ लिहिलं की ते मऊ होतं, बघतो-करतोसारखं वाटतं, त्यापेक्षा ‘अ‍ॅग्रीड टू ब्रिंग थ्री कोटेशन्स बाय थर्टीफर्स्ट ऑगस्ट’ असं लिहिलं की काळाचा प्रश्नच उरत नाही. मराठीतलं ‘आणण्याचे मान्य केले’ हेच करतं.

आणि आधी इंग्रजी लिहून मग मराठी करत असाल (ऑफिसला जाणारे बरेच जण असंच करतात, लोकलमध्ये मोबाईलवर टाइप करून) तर ‘वॉज’ दिसला की ‘होता’ लिहू नका. परत मागे जा, समासातली खूण बघा, ‘चालू’ असेल तर ‘असल्याचे’. दोन प्रती जुळत नाहीत अशी तक्रार आली तर नव्वद टक्के हेच निघतं, असं मी आकडा न मोजता छातीठोकपणे सांगते.

वाटायच्या आधी आणि नंतर

मसुदा झाला की ज्याचं वाक्य आहे त्याला फक्त त्याचा परिच्छेद पाठवा, अख्खं इतिवृत्त नको, लोक वाचत नाहीत. आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, त्याला सगळे अंगठा दाखवतात. काळाचा प्रश्न विचारा: ‘तुम्ही म्हणालात तेव्हा मोटर बसली होती की बसायची होती?’ यावर अंगठा दाखवता येत नाही, उत्तर द्यावंच लागतं.

तोपर्यंत ११ तारीख उलटून मोटर खरंच बसलेली असेल तर मोह होतो की चला, ‘बसवल्याचे’ करून टाकू, आता तर झालंच आहे. नाही करायचं. मिनिट्स १० तारखेच्या मीटिंगचे आहेत, १० तारखेला मोटर तुर्भ्यातच होती. ती बसली ही बातमी पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये येईल, स्वतःच्या तारखेसकट.

पुढच्या मीटिंगमध्ये आधीचे मिनिट्स वाचून कायम करतात तेव्हा कोणी काळाची चूक दाखवली तर जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. नवीन मिनिट्समध्ये पहिल्याच विषयाखाली लिहायचं: ‘दि. १० ऑगस्ट २०२५ च्या इतिवृत्तातील विषय क्र. ३ मध्ये “मोटर बसवल्याचे” ऐवजी “मोटर बसवणार असल्याचे” असे वाचावे. या दुरुस्तीसह मागील इतिवृत्त कायम करण्यात आले.’ मग जुन्या पानाच्या कडेला, मजकुराला हात न लावता, दुरुस्ती कोणत्या तारखेच्या मिनिट्समध्ये आहे तेवढं पेनने लिहून चेअरमन आणि सेक्रेटरींची सही घ्यायची.